टाच टोचताना नवजात बाळाला सुक्रोज किती द्यावे : वजनाचा तक्ता आणि त्याचा खरा अर्थ

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात परिचारिका आहे. टाचेतून रक्त घेताना किंवा इंजेक्शन देताना बाळाला दुखू नये म्हणून आम्ही २४ टक्के सुक्रोज तोंडात देतो. पण कोणी अर्धा मिली देते, कोणी दोन मिली, आणि कमी वजनाच्या बाळाला तर प्रत्येकजण वेगळेच देते. बाळाच्या वजनाप्रमाणे नक्की किती मिली द्यायचे? सुक्रोज संपले तर काय करायचे?

उत्तर :

आधी आकडे सांगतो, आणि मग ते कसे वाचावेत ते सांगतो, कारण गोंधळ आकड्यांपेक्षा ते वाचण्यातच जास्त होतो. अनेक रुग्णालयांच्या लिखित पद्धतींमध्ये २४ टक्के सुक्रोजसाठी जे प्रमाण आढळते ते असे : दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला एका वेळी ०.२ ते ०.५ मिली आणि चोवीस तासांत एकूण २.५ मिलीपर्यंत, दीड किलो व त्याहून अधिक वजनाच्या, एक महिन्याच्या आतील बाळाला एका वेळी ०.२ ते १ मिली आणि चोवीस तासांत एकूण ५ मिलीपर्यंत. एक किलोपेक्षाही कमी वजनाच्या, विशेषतः अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला मी एका वेळी ०.१ मिलीपासूनच सुरुवात करतो आणि तेही त्या बाळापुरत्या स्वतंत्र लेखी आदेशाने. तुमच्याकडे काहीजण जो दोन मिलीचा आकडा वापरतात, तो बहुधा महिन्याहून मोठ्या बाळांच्या लसीकरणाच्या पद्धतीतून आला असावा. नवजात बाळाच्या टाचेसाठी त्याची गरज नाही.

या तक्त्यातील वरचा आकडा ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. तापाचे किंवा प्रतिजैविकाचे औषध आपण दर किलोला इतके मिलिग्रॅम असे मोजतो, कारण ते रक्तात जाऊन शरीरभर पसरते आणि शरीर जितके मोठे तितके औषध जास्त लागते. सुक्रोजचे तसे नाही. ते वेदना कमी करते ते जिभेवरच्या गोड चवीमुळे, रक्तात पोहोचलेल्या साखरेमुळे नव्हे. हेच द्रावण नळीवाटे थेट जठरात सोडले तर वेदनेवर तसा परिणाम दिसत नाही, हे अकाली जन्मलेल्या बाळांमध्ये तपासले गेले आहे. त्यामुळे तीन किलोच्या बाळाला दीड किलोच्या बाळापेक्षा दुप्पट चव लागते असे नाही. वजनाचा संबंध येतो तो परिणामाशी नव्हे, तर सुरक्षिततेशी : लहान बाळाला गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ जमत नाही, त्याचे आतडे नाजूक असते, आणि त्याला दिवसात टोचण्याचे प्रसंगही जास्त येतात.

याला चांगला पुरावा आहे. कॅनडातील चार नवजात अतिदक्षता विभागांमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाच टोचण्यापूर्वी बाळांना २४ टक्के सुक्रोज ०.१ मिली, ०.५ मिली किंवा १ मिली असे चिठ्ठी पद्धतीने विभागून दिले गेले. त्यांत चोवीस आठवड्यांपासून पूर्ण दिवस भरलेल्या बाळांपर्यंत सर्व होती. टोचल्यानंतर तीस आणि साठ सेकंदांनी मोजलेल्या वेदनेच्या गुणांत तिन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे जिभेवर टेकवलेले दोन-तीन थेंब आणि एक पूर्ण मिली यांचे काम जवळपास सारखेच झाले. म्हणून मी शिकाऊ डॉक्टरांना व परिचारिकांना एकच क्रम सांगतो : सर्वांत कमी मात्रेपासून सुरू करा, ती योग्य जागी आणि योग्य वेळी द्या, आणि प्रक्रिया लांबली तरच पुढचा भाग द्या.

वेळेबद्दल सविस्तर सांगतो, कारण मी पाहिलेल्या बहुतेक कक्षांमध्ये मात्रेपेक्षा इथेच जास्त चुकते. गोड चव लागल्यानंतर परिणाम पूर्णपणे जाणवायला साधारण दोन मिनिटे लागतात. उंदरांच्या पिल्लांवरील प्रयोगांत अफूसारख्या औषधांची क्रिया रोखणारे औषध दिल्यावर सुक्रोजचा हा परिणाम नाहीसा झाला; त्यावरून शरीरातच तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये यात भाग घेत असावीत असे मानले जाते, आणि त्यांना कामाला लागायला थोडा अवधी हवा. व्यवहारात काय होते, तर एका हातात लॅन्सेट आणि दुसऱ्या हातात सिरिंज घेऊन, तोंडात थेंब पडताच टाच टोचली जाते. बाळ रडते आणि मग निष्कर्ष निघतो की सुक्रोजचा उपयोग होत नाही. दुसऱ्या टोकाची चूक अशी की सुक्रोज दिल्यावर टाच गरम करायला, कॅपिलरी नळ्या शोधायला आणि नाव लिहायला सहा-सात मिनिटे जातात. परिणाम चार-पाच मिनिटांनंतर ओसरू लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष टोचताना बाळाला जवळजवळ काहीच आधार उरलेला नसतो. म्हणून सगळी तयारी आधी, मग सुक्रोज, मग घड्याळात पाहून दोन मिनिटे, आणि मगच टोचणे हा क्रम मोडू नये.

टाचेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बाळाला सर्वांत जास्त त्रास सुई टोचण्याच्या क्षणाचा नसून त्यानंतर रक्त यावे म्हणून टाच वारंवार दाबण्याचा असतो, आणि चाळणी तपासणीच्या कागदावरील सगळी वर्तुळे भरायची असतील तर हे दाबणे सहज काही मिनिटे चालते. म्हणून ठरवलेली मात्रा एकदम न देता तिचे भाग करावेत : पहिला भाग दोन मिनिटे आधी, दुसरा टोचण्याच्या क्षणी, आणि काम लांबले तर तिसरा दोन-तीन मिनिटांनी. हे तिन्ही भाग मिळून तक्त्यातील एका वेळच्या मर्यादेत बसले पाहिजेत. टाच आधी कोमट कपड्याने गरम करणे, स्वयंचलित लॅन्सेट वापरणे आणि टाचेच्या मधल्या भागाऐवजी दोन्ही कडांवर टोचणे या तीन गोष्टी केल्या की दाबावे कमी लागते, आणि तेवढे सुक्रोजही कमी लागते. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाचे जास्त रक्त हवे असेल आणि शिरेतून रक्त घेण्यात हातखंडा असलेली व्यक्ती उपलब्ध असेल, तर टाचेपेक्षा शीर बरी. तिथे वेदना कमी होते हे चाचण्यांमधून दिसले आहे.

देण्याची जागा म्हणजे जिभेचा पुढचा भाग किंवा गालाची आतली बाजू. घशाकडे सिरिंज रिकामी करायची नाही. थेंब टाकून लगेच हातमोजा घातलेले स्वच्छ बोट किंवा तुमच्या विभागात चालत असेल तर चोखणी द्यावी, कारण चोखण्याची क्रिया आणि गोड चव एकत्र आल्यावर परिणाम एकट्या सुक्रोजपेक्षा चांगला मिळतो. बाळाला कापडात सैलसर गुंडाळून हातपाय अंगाशी घेतले आणि फक्त एक पाय मोकळा ठेवला, तर आणखी चांगले.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. बत्तीस आठवड्यांना जन्मलेले, तीन दिवसांचे, १.४ किलोचे बाळ आहे. शिरेवाटे ग्लुकोज चालू आहे आणि दिवसभरात रक्तातील साखर, कावीळ व इतर तपासण्यांसाठी सहा वेळा टाच टोचावी लागणार असे दिसते. पहिला प्रश्न मी सुक्रोजचा विचारत नाही. सहाच्या जागी चार वेळा भागेल का, कावीळ आणि साखर एकाच टोचण्यात घेता येईल का, हे विचारतो. समजा कितीही जुळवले तरी सहा वेळा लागणारच आहे. मग दर वेळी ०.२ मिली, त्यातील ०.१ मिली दोन मिनिटे आधी आणि ०.१ मिली टोचताना. सहा वेळांचे १.२ मिली झाले, आणि २.५ मिलीच्या मर्यादेत दुसऱ्या कॅन्युलासारख्या अनपेक्षित प्रसंगासाठी जागा उरली. याच बाळाला कोणी दर वेळी ०.५ मिली दिले असते तर पाचव्या वेळीच मर्यादा संपली असती आणि सहाव्या वेळी बाळाला काहीच देता आले नसते. जास्त देण्याचा तोटा इथे प्रत्यक्ष दिसतो.

साखर वाढेल का, ही शंका डॉक्टर आणि पालक दोघेही विचारतात. २४ टक्के द्रावणाच्या ०.२ मिलीमध्ये ४८ मिलिग्रॅम सुक्रोज असते. या बाळाला शिरेतून दर मिनिटाला दर किलो ६ मिलिग्रॅम वेगाने ग्लुकोज चालू असेल, तर ते मिनिटाला सुमारे साडेआठ मिलिग्रॅम होते. म्हणजे सुक्रोजची एक मात्रा ही त्या सलाइनच्या जेमतेम सहा मिनिटांइतकी आहे, आणि ती आतड्यातून शोषली जायची असते. त्यामुळे एवढ्याने रक्तातील साखरेच्या आकड्यावर फरक पडण्याची भीती बाळगू नये. मात्र ज्या हाताने सुक्रोज दिले त्याच चिकट हातमोज्याने टाच धरली, तर त्वचेवर लागलेल्या साखरेमुळे ग्लुकोमीटरचा आकडा खोटा वाढू शकतो. ग्लुकोमीटर अशा वेळी बाळाची साखर व्यवस्थित असल्याचे दाखवेल आणि खरी कमी असलेली साखर लपून राहील, हा धोका खरा आहे. हातमोजे बदला किंवा सुक्रोज देणारी आणि टोचणारी व्यक्ती वेगळी ठेवा. आकडा बाळाच्या अवस्थेशी जुळत नसेल तर टाच पुसून, कोरडी करून, पहिला थेंब टाकून देऊन पुन्हा मोजा.

चोवीस तासांची मर्यादा आणि वेळांची संख्या लिहून ठेवणे मी इतके का धरून बसतो, त्याचे कारण एका जुन्या अभ्यासात आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कॅनडातील अभ्यासात एकतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना पहिला आठवडाभर प्रत्येक वेदनादायक प्रक्रियेपूर्वी सुक्रोज दिले गेले. ज्या बाळांना दिवसात दहापेक्षा जास्त मात्रा मिळाल्या, त्यांचे पुढे स्नायूंचा विकास आणि सतर्कता यांचे गुण कमी आढळले. जास्त आजारी बाळांनाच जास्त वेळा टोचावे लागते, त्यामुळे दोष सुक्रोजचा की आजाराचा, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही अगदी लहान बाळांमध्ये दिवसात दहाची संख्या ओलांडली जात असेल, तर ते आपल्याला दोन गोष्टी सांगते : टोचणे फार होत आहे, आणि बाळाला कदाचित धमनीतील किंवा मध्यवर्ती शिरेतील नळीची आणि वेदनेच्या दुसऱ्या उपायाची गरज आहे.

पूर्ण दिवसांच्या बाळासाठी माझा सल्ला वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. २.९ किलोचे बाळ, जन्मानंतर व्हिटॅमिन के, बीसीजी आणि हिपॅटायटिस बीची पहिली मात्रा, आई जागी आणि पाजू शकणारी. इथे सुक्रोजची बाटली उघडण्याचीच गरज नाही. बाळाला छातीशी लावा, ते नीट पकडून चोखू लागले की दोन-तीन मिनिटांनी इंजेक्शन द्या आणि नंतरही पाजत राहू द्या. स्तनपानाने वेदना किमान सुक्रोजइतकीच कमी होते, आणि आईच्या त्वचेचा स्पर्श, ऊब, चोखणे व दूध हे सगळे एकत्र मिळते. इंजेक्शन देताना पाजले तर दूध श्वासनलिकेत जाईल अशी भीती कर्मचाऱ्यांना वाटते, पण अभ्यासांत तसे आढळलेले नाही. आई शस्त्रक्रियागृहात असेल किंवा बाळ तिच्यापासून वेगळे ठेवलेले असेल तर ०.५ मिली सुक्रोज द्या, आणि दोन-तीन इंजेक्शने ओळीने द्यायची असतील तर सर्वांत जास्त दुखणारे शेवटी ठेवून एकूण १ मिलीपर्यंत जा. काढलेले आईचे दूध थेंबांनी देण्याचा उपयोग होतो, पण सुक्रोजइतका किंवा प्रत्यक्ष पाजण्याइतका नाही.

सुक्रोज नसेल तेव्हाचा उपाय आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक वॉर्डात असतो : २५ टक्के डेक्स्ट्रोजचे अँप्यूल. वीस ते तीस टक्के ग्लुकोजचा वेदनेवरील परिणाम अनेक चाचण्यांमध्ये दिसला आहे, आणि ते वरील तक्त्यातील त्याच मात्रेत, त्याच पद्धतीने देता येते. दहा टक्के डेक्स्ट्रोज पुरेसे गोड नसते. पन्नास टक्के कधीही वापरू नये, आणि २५ व ५० टक्क्यांचे अँप्यूल एकाच ट्रेमध्ये ठेवू नयेत. उघडलेले अँप्यूल कापूस लावून पुढच्या पाळीसाठी ठेवण्याची सवय काही ठिकाणी असते, ती बंद झाली पाहिजे. एवढ्या प्रमाणातील साखर पाकासारखी टिकत नाही. त्यात जंतू वाढू शकतात, आणि ते थेंब आपण अशा बाळाच्या तोंडात टाकतो ज्याची प्रतिकारशक्ती सर्वांत कमी आहे. रुग्णालयाच्या औषध विभागाने सुक्रोज तयार करायचे असेल तर २४ ग्रॅम सुक्रोज विरघळवून एकूण द्रावण १०० मिली करावे, शंभर मिली पाण्यात २४ ग्रॅम टाकू नये, आणि ते निर्जंतुक करून लहान, एकदाच वापरण्याच्या कुप्यांत भरावे. वॉर्डातील पेल्यात चमच्याने साखर ढवळून केलेले पाणी या कामासाठी वापरू नये.

मोजण्याच्या साधनाबद्दलही सावध राहा. ०.१ मिली पाच मिलीच्या सिरिंजने मोजता येत नाही. एक मिलीची, सुई काढलेली सिरिंज लागते. घाईत हाती येते ती इन्शुलिनची सिरिंज, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच इन्शुलिन सिरिंजवर एका मिलीचे चाळीस भाग असतात. तिच्यावरचा वीसचा आकडा म्हणजे ०.२ मिली नसून ०.५ मिली असतो. १.४ किलोच्या बाळाला अशी अडीचपट मात्रा सहा वेळा गेली तर दिवसाची मर्यादा ओलांडली जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शक्य असेल तिथे शिरेच्या नळीला बसूच न शकणारी, तोंडावाटे देण्याची वेगळी सिरिंज वापरा. नसेल तर सिरिंजवर मोठ्या अक्षरांत ‘फक्त तोंडावाटे’ असे लिहून ती भरल्यावर लगेच वापरा, शिरेच्या औषधांच्या ट्रेमध्ये ठेवू नका.

कोणाला देऊ नये, हे तक्त्याच्या वरच लिहिलेले असावे. अन्ननलिका जोडलेली नसणे किंवा श्वासनलिकेशी जोड असणे अशी शंका असेल, गिळण्याची व ठसकण्याची प्रतिक्रिया नसेल, बाळ गुंगीत असेल किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर असेल, तर देऊ नये. आतड्याच्या गंभीर दाहाची शंका असेल, पोट फुगलेले असेल किंवा हिरवी उलटी होत असेल तर डॉक्टरांच्या निर्णयाशिवाय देऊ नये, कारण हे द्रावण आईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक संहत असते. फ्रुक्टोज न पचण्याचा आनुवंशिक आजार घरात असेल तर सुक्रोज नको. दुसऱ्या कारणाने दूध बंद ठेवलेल्या बाळाला जिभेवर टेकवलेले एक-दोन थेंब बहुधा चालतात, पण तो निर्णय डॉक्टरांनी नोंदवलेला असावा. थेंब दिल्यावर बाळ ठसकले, ऑक्सिजनचा आकडा किंवा हृदयाचे ठोके खाली आले, तर थांबा, तोंड एका बाजूला करा, बाळाला हलकेच उत्तेजित करा. बहुतेक वेळा क्षणात सावरते. पुढच्या वेळी त्याच बाळाला निम्मी मात्रा आणखी सावकाश द्या.

उपयोग होत आहे की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. अकाली जन्मलेले थकलेले बाळ वेदना होऊनही रडत नाही. एनआयपीएस हे मापन खाटेजवळ सोपे पडते : चेहरा, रडणे, श्वास, हात, पाय आणि जागेपणाची अवस्था पाहून शून्य ते सात गुण द्यायचे, आणि तीनपेक्षा जास्त गुण आले तर उपाय कमी पडला असे समजायचे. अशा वेळी लगेच मात्रा वाढवण्याचा मोह होतो. आधी दोन मिनिटे थांबलो होतो का, द्रावण जिभेच्या पुढच्या भागावर पडले का, बाळाला गुंडाळले होते का, टाच गरम होती का, हे तपासा. मी पाहिलेल्या बाळांमध्ये उत्तर बहुधा यांतच सापडले आहे, मात्रेत क्वचित.

एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१० मध्ये लंडनमधील एका चाचणीत टाच टोचताना पूर्ण दिवसांच्या बाळांच्या मेंदूतील विद्युत प्रतिसाद मोजला गेला. सुक्रोज मिळालेल्या बाळांच्या चेहऱ्यावरील वेदनेच्या खुणा कमी होत्या, पण मेंदूतील वेदनेशी निगडित प्रतिसादात लक्षणीय फरक नव्हता. या निष्कर्षाचा अर्थ काय यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि माझ्या मते त्यावरून सुक्रोज बंद करणे योग्य नाही. पण शांत चेहरा म्हणजे वेदना नाहीच असे समजून अनावश्यक टोचणी वाढवणे त्याहून चुकीचे आहे. त्याच कारणाने छातीत नळी घालणे, शस्त्रक्रिया किंवा नंतर तासन्‌तास राहणारे दुखणे यांसाठी सुक्रोजवर विसंबू नये. तिथे प्रत्यक्ष वेदनाशामक औषध किंवा जागा बधिर करणे लागते. आणि भूक लागलेल्या, ओल्या दुपट्यात रडणाऱ्या बाळाला गप्प करण्यासाठी ते देऊ नये.

पालकांना हे आपण का देतो ते आधी सांगा, कारण वॉर्डात साखरेचे पाणी दिलेले पाहून काही घरी तेच, किंवा त्याऐवजी मध वा गुळाचे पाणी चाटवले जाते. रुग्णालयातील दोन-तीन थेंब हे एका प्रक्रियेपुरते औषध आहे, घरी पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, आणि मधातून बोट्युलिझमचे जंतू जाऊ शकतात म्हणून वर्षाच्या आत मध नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा.

नोंदीसाठी वेगळे रजिस्टर नको. औषधांच्या तक्त्यातच सुक्रोजची एक ओळ ठेवा आणि त्यात वेळ, मिली, कोणत्या प्रक्रियेसाठी, एनआयपीएसचे गुण आणि चोवीस तासांची चालू बेरीज लिहा. दीड किलोच्या सीमेजवळचे बाळ रोजच्या वजनानुसार इकडे-तिकडे होत असेल तर वजन सलग दोन दिवस सीमेच्या वर राहीपर्यंत खालच्या गटाचीच मर्यादा लावा, आणि ती बेरीज पाळी बदलताना तोंडी सांगून पुढे द्या.